पोल चक्रावरील अवमंदन आणि अनुस्पंदन: मोजणी कोणत्या क्रमाने करावी

प्रथम वर्षाच्या जर्नलमध्ये अनुस्पंदनाचा वक्र बहुधा सुबक काढलेला असतो, पण त्या वक्राच्या रुंदीवरून काढलेला अवमंदनांक आणि मुक्त दोलनांवरून काढलेला अवमंदनांक एकमेकांशी जुळत नाहीत. गंमत अशी की ही तफावत सहसा कशीही नसते. मुक्त दोलनांवरचे उत्तर बरोबर निम्मे आलेले असते, किंवा वक्रावरचे उत्तर सुमारे १.७३ पट आलेले असते. या दोन्ही आकड्यांमागे एकेक ठरावीक चूक आहे आणि ती कोणत्या पायरीवर झाली, हे आकड्यावरूनच सांगता येते. बाकीच्या बहुतेक चुका क्रमाच्या असतात, कारण मोटर आधी सुरू केली जाते आणि अवमंदनाचा विचार नंतर होतो. खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे.

उपकरण म्हणून पोल चक्र गृहीत धरले आहे. सर्पिल कमानीला जोडलेले तांब्याचे चक्र, त्याच्या कडेला बसवलेला विद्युतचुंबकाचा ब्रेक, आणि कमानीचे दुसरे टोक मागेपुढे हलवणारी मोटरची तरफ एवढीच त्याची रचना असते. ब्रेकच्या गुंडाळीतून प्रवाह सोडला की फिरत्या चक्रात भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि गतीला विरोध करतात. हा विरोध चक्राच्या वेगाच्या प्रमाणात असतो, म्हणून पुस्तकातले समीकरण येथे चांगले लागू पडते:

```
θ'' + 2βθ' + ω0² θ = ω0² φ0 cos(ωt)
```

येथे `β` हा अवमंदनांक, `ω0` ही चक्राची नैसर्गिक कोनीय वारंवारता, `φ0` हा तरफेच्या हालचालीचा आयाम आणि `ω` ही मोटरची कोनीय वारंवारता आहे. `β` च्या आधी २ आहे, याची नोंद आत्ताच वहीत करून ठेवावी. काही पुस्तके `2β` ऐवजी एकच अक्षर लिहितात आणि दोन पुस्तकांतली सूत्रे एकत्र वापरली की उत्तर दुप्पट किंवा निम्मे येते.

## टप्पा १: चक्र हलवण्यापूर्वीची तयारी

चक्रावर जादा वजन अडकवलेले असेल तर ते काढून टाकावे. ते वजन अरेषीय दोलने दाखवण्याच्या वेगळ्या प्रयोगासाठी असते आणि ते लावलेले असताना चक्राचा आवर्तकाल आयामानुसार बदलतो.

त्यानंतर शून्य तपासावे. येथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. मोटर बंद असली तरी तरफ जिथे थांबली असेल, तिथेच कमानीचे एक टोक धरलेले असते, त्यामुळे चक्राचा दर्शक शून्याऐवजी एका बाजूला थोडा सरकून स्थिरावतो. मोटरचे चाक हाताने हळूहळू फिरवून तरफ मध्यावर आणावी, म्हणजे दर्शक शून्यावर येतो. हे करत असतानाच `φ0` मोजून घ्यावा. ब्रेक बंद ठेवून चाक अगदी सावकाश एक पूर्ण फेरा फिरवले की चक्र तरफेच्या मागोमाग जाते, आणि दर्शक मध्यापासून दोन्ही बाजूंना जितका सरकतो तोच `φ0`. या लेखातल्या उदाहरणात तो मापनपट्टीवरच्या ०.६ भागाइतका धरला आहे.

आता ब्रेकचा प्रवाह शून्य ठेवून चक्र १० भागांपर्यंत वळवून सोडावे आणि २० पूर्ण दोलनांचा वेळ मोजावा. आपल्या उदाहरणात तो ४०.० सेकंद आहे. म्हणून आवर्तकाल २.०० सेकंद, वारंवारता ०.५०० हर्ट्झ आणि `ω0` ३.१४ रेडियन प्रति सेकंद.

तपासणी: चक्र आपोआप थांबल्यावर दर्शक पुन्हा शून्यावर आला पाहिजे. तो आला नाही, तर पुढच्या टप्प्यातले प्रत्येक रीडिंग तितक्याने चुकणार आहे.

## टप्पा २: मोटर बंद ठेवून अवमंदनांक मोजणे

ब्रेकमध्ये ठरावीक प्रवाह सोडावा, समजा ०.४० अँपिअर, आणि अॅमीटरवरचा आकडा संपूर्ण मोजणीभर पाहत राहावा. गुंडाळी तापली की तिचा रोध वाढतो, आणि पुरवठा स्थिर व्होल्टेजचा असेल तर प्रवाह हळूच उतरतो. चक्र १५ भागांपर्यंत वळवून सोडावे आणि दर पूर्ण दोलनानंतर एकाच बाजूचा आयाम वाचावा. उदाहरणातली रीडिंग अशी आहेत: १५.०, १२.३, १०.१, ८.२, ६.७, ५.५.

आता आयामांतील फरकांकडे पाहावे. ते २.७, २.२, १.९, १.५, १.२ असे कमी होत जातात, पण लागोपाठच्या दोन आयामांचे गुणोत्तर मात्र जवळपास ०.८२ राहते. वेगाच्या प्रमाणातील अवमंदनाची खूण हीच आहे, कारण आयाम `A0·exp(−βt)` या नियमाने उतरतो. पहिल्या आणि सहाव्या रीडिंगमध्ये पाच आवर्तकाल, म्हणजे १० सेकंद जातात:

```
β = ln(15.0 / 5.5) / 10 s = 0.10 /s
```

फक्त दोन रीडिंगवर थांबू नये. आयामाचा नैसर्गिक लॉगरिदम वेळेसमोर मांडून आलेख काढावा. बिंदू सरळ रेषेवर पडले तर तिचा उतार `−β` आहे. सरळ पडले नाहीत, तर वाकण्याची दिशा दोष कुठे आहे ते सांगते. शेवटचे बिंदू रेषेच्या वर राहू लागले तर शून्य त्या बाजूला सरकलेले आहे, कारण खरा आयाम शून्याकडे गेला तरी वाचलेला आकडा सरकलेल्या शून्यापाशीच अडकतो. तरफ टोकाला थांबलेली असेल आणि शून्य ०.६ भागाने सरकलेले असेल, तर वरच्यासारख्याच १५ भागांच्या सुरुवातीपासून दहा दोलने मोजल्यावर `β` सुमारे ११ टक्क्यांनी कमी भरतो. शेवटचे बिंदू रेषेच्या खाली कोसळू लागले तर धारव्यात कोरडे घर्षण आहे. कोरड्या घर्षणाने आयाम दर दोलनाला सारख्याच अंतराने घटतो, सारख्या गुणोत्तराने नव्हे.

सावधान: उजवीकडचे आणि डावीकडचे अशी दोन्ही टोके क्रमाने लिहिली, तर दोन रीडिंगमधला वेळ आवर्तकालाच्या निम्मा असतो. तरीही तो पूर्ण आवर्तकाल धरला तर `β` बरोबर निम्मा येतो. सुरुवातीला सांगितलेली पहिली चूक ती हीच.

आता प्रवाह ०.७५ अँपिअर करून हीच मोजणी पुन्हा करावी. आयाम १५.०, ८.२, ४.५, २.५, १.४ असे मिळतात आणि `β` ०.३० प्रति सेकंद येतो. प्रवाह दुपटीपेक्षा कमीच वाढला, पण अवमंदनांक तिप्पट झाला. यात चूक नाही. ब्रेकचा विरोध चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, क्षेत्र प्रवाहाच्या प्रमाणात असते, आणि धारवे व हवा यांचा थोडासा विरोध ब्रेक बंद असतानाही उरतो. म्हणून `β` चा आलेख प्रवाहासमोर न काढता प्रवाहाच्या वर्गासमोर काढावा. उदाहरणात ब्रेक बंद असताना `β` ०.०२ आहे आणि तिन्ही बिंदू एका सरळ रेषेवर बसतात. ‘प्रवाह दुप्पट, म्हणून डॅम्पिंग दुप्पट’ हे वाक्य मी दरवर्षी लाल शाईने खोडतो.

## टप्पा ३: मोटर सुरू करण्यापूर्वी भाकीत लिहिणे

ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते आणि तिला लागतात फक्त दहा मिनिटे. `ω0`, `β` आणि `φ0` हाती आल्यावर प्रत्येक वारंवारतेला चक्र किती हलेल हे आधीच काढता येते. स्थिर दोलनांचा आयाम असा असतो:

```
A = ω0² φ0 / sqrt( (ω0² − ω²)² + 4β²ω² )
```

उदाहरणाचे आकडे घालून मिळणारे आयाम खाली दिले आहेत.

| मोटरची वारंवारता (हर्ट्झ) | आयाम, β = ०.१० | आयाम, β = ०.३० |
|---|---|---|
| ०.२५ | ०.८० | ०.७९ |
| ०.४५ | ३.० | २.३ |
| ०.४८ | ६.० | ३.० |
| ०.५० | ९.४ | ३.१ |
| ०.५२ | ५.७ | २.८ |
| ०.६० | १.३ | १.२ |

हे कोष्टक आडवे वाचावे. ०.२५ हर्ट्झला अवमंदन तिप्पट केले तरी आयामात पडणारा फरक मापनपट्टीवर दिसणारसुद्धा नाही. ०.६० हर्ट्झलाही तो जेमतेम दिसेल. ०.५० हर्ट्झला मात्र आयाम एकतृतीयांश होतो. ‘अवमंदन वाढले की आयाम कमी होतो’ हे विधान अपुरे आहे, ते याच कारणाने. नैसर्गिक वारंवारतेपासून दूर असताना आयाम किती हे कमानीचा ताण आणि चक्राचे जडत्व ठरवतात, अवमंदनाचा तिथे फारसा संबंध येत नाही. सूत्रात `ω = ω0` घातले की पहिला कंस शून्य होतो आणि छेदात फक्त अवमंदनाचे पद उरते, म्हणून शिखराची उंची एकटे अवमंदनच ठरवते:

```
A(ω0) = φ0 · ω0 / (2β)
```

ही उंची अनंत का होत नाही, याचे उत्तरही येथेच आहे. आयाम वाढतो तसा वेग वाढतो आणि ब्रेकमध्ये दर दोलनाला खर्च होणारी ऊर्जा आयामाच्या वर्गाप्रमाणे वाढते. तरफेकडून मिळणारी ऊर्जा मात्र आयामाच्या पहिल्या घाताप्रमाणेच वाढते. जिथे खर्च जमेला गाठतो, तिथे आयाम थांबतो.

सावधान: ब्रेक बंद ठेवून अनुस्पंदन गाठू नये. `β` ०.०२ असताना वरचे सूत्र सुमारे ४७ भागांचा आयाम सांगते. पोल चक्राची मापनपट्टी बहुधा २० भागांचीच असते, त्यामुळे चक्र त्यापलीकडे जाऊन कमान ताणली जाते.

## टप्पा ४: मोटर सुरू करणे आणि थांबणे

थांबणे हा या टप्प्याचा अर्धा भाग आहे. मोटर सुरू होते तेव्हा चक्रात एकाच वेळी दोन दोलने चालू असतात. एक मोटरच्या वारंवारतेचे, जे टिकणार आहे. दुसरे चक्राच्या स्वतःच्या वारंवारतेचे, जे `exp(−βt)` प्रमाणे विरून जाणार आहे. दोन्ही एकत्र आली की आयाम आधी वाढतो, मग उतरतो, मग पुन्हा थोडा वाढतो.

एक प्रसंग जवळून पाहू. मोटर ०.४७ हर्ट्झला लावली आहे, ब्रेक ०.४० अँपिअरला आहे, आणि चक्र स्थिर असताना मोटर सुरू केली. दोन वारंवारतांतला फरक ०.०३ हर्ट्झ असल्यामुळे चढउताराचा एक फेरा सुमारे ३३ सेकंदांचा होतो. साधारण १७ सेकंदांनी आयाम ५.४ भागांच्या आसपास पोहोचतो, तिथे रेंगाळल्यासारखा दिसतो, आणि विद्यार्थी नेमका तोच आकडा वहीत उतरवतो. सूत्राप्रमाणे स्थिर आयाम ४.६ आहे. म्हणजे रीडिंग जवळजवळ एकपंचमांशाने जास्त गेले आणि वक्राची ती बाजू उगाचच फुगली.

विरणारे दोलन मूळच्या एक टक्क्यावर यायला `4.6/β` इतका वेळ लागतो. `β` ०.१० असताना हा वेळ ४६ सेकंद, म्हणजे २३ दोलने. `β` ०.३० असताना तो १५ सेकंद. मोटरचा वेग बदलल्यावर प्रत्येक वेळी इतके थांबलेच पाहिजे, फक्त पहिल्या वेळी थांबून भागत नाही.

तपासणी: लागोपाठच्या पाच दोलनांत आयाम मापनपट्टीच्या वाचनक्षमतेपेक्षा जास्त बदलला नाही, तरच रीडिंग लिहावे.

## टप्पा ५: अनुस्पंदनाचा वक्र काढणे

मोटरच्या बटणावरचे आकडे वारंवारता म्हणून वापरू नयेत. मोटरचा वेग पुरवठ्याबरोबर आणि तापमानाबरोबर थोडा बदलत असतो. प्रत्येक ठिकाणी तरफेचे २० फेरे स्टॉपवॉचने मोजावेत. हाताच्या प्रतिक्रियेची ०.२ सेकंदाची चूक ४० सेकंदांत अर्धा टक्का होते आणि तेवढी चालते.

बटण सारख्या अंतराने सरकवत रीडिंग घेण्याची सवय मात्र येथे घातक ठरते. `β` ०.१० असताना शिखराची रुंदी अवघी ०.०३२ हर्ट्झ आहे. ०.४८ नंतर थेट ०.५२ ला गेलात, तर वहीतला सर्वांत मोठा आयाम ६.० राहील आणि शिखराची एकतृतीयांश उंची दोन रीडिंगांच्या मधल्या फटीत हरवेल. म्हणून दूरच्या भागात, म्हणजे ०.२५, ०.४० आणि ०.६० हर्ट्झच्या आसपास, एकेक रीडिंग पुरते. पण ०.४८ ते ०.५२ या पट्ट्यात दर ०.००५ हर्ट्झला एक रीडिंग घ्यावे.

आपण शिखरावर आहोत की नाही, हे आयामावरून ठरवणे अवघड असते, कारण शिखराच्या माथ्यावर आयाम फारसा बदलत नाही. त्यापेक्षा कलेकडे पाहावे. मोटर खूप सावकाश असते तेव्हा चक्र आणि तरफ एकाच वेळी एकाच बाजूच्या टोकाला जातात. मोटर खूप वेगात असते तेव्हा ती विरुद्ध टोकांना असतात. `ω = ω0` असताना चक्र पाव आवर्तकालाने मागे असते, म्हणजे दर्शक शून्यावरून जातो त्या क्षणी तरफ आपल्या टोकाला पोहोचलेली असते. एका डोळ्याने दर्शक आणि दुसऱ्याने तरफ पाहण्याची ही कसरत दोन-तीन प्रयत्नांत जमते. अवमंदन कमी असताना शिखराच्या आसपास वारंवारता किंचित सरकली तरी कला झपाट्याने बदलते, त्यामुळे ही तपासणी आयामापेक्षा जास्त तीक्ष्ण आहे.

## टप्पा ६: दुसऱ्या अवमंदनासाठी वक्र, त्याच कागदावर

प्रवाह ०.७५ अँपिअर करून सर्व रीडिंग पुन्हा घ्यावीत आणि दोन्ही वक्र एकाच अक्षांवर, एकाच प्रमाणात काढावेत. वेगळ्या कागदांवर वेगळे प्रमाण घेतले तर दोन्ही वक्र सारखेच दिसतात आणि प्रयोगाचा मुद्दाच हरवतो.

दोन्ही शिखरांसाठी `β` आणि शिखराचा आयाम यांचा गुणाकार करून पाहावा. ०.१० × ९.४ आणि ०.३० × ३.१ हे दोन्ही ०.९३ ते ०.९४ येतात, आणि सूत्राप्रमाणे हा गुणाकार `φ0·ω0/2` इतका, म्हणजे ०.९४ असायला हवा. दुसऱ्या वक्राचा गुणाकार स्पष्टपणे वेगळा आला, तर आधी अॅमीटरचे आकडे तपासावेत. बहुतेक वेळा दोन मोजण्यांच्या मधल्या काळात गुंडाळी तापून प्रवाह घसरलेला असतो.

शिखराच्या जागेबद्दल थोडे सांगायला हवे. पुस्तकात वाचलेले असते की अवमंदन वाढले की शिखर कमी वारंवारतेकडे सरकते, म्हणून जर्नलमध्येही ते सरकवून काढले जाते. सूत्र `ωr = sqrt(ω0² − 2β²)` असे आहे. `β` ०.३० घातला तर सरकणे सुमारे ०.९ टक्के, म्हणजे ०.५०० वरून ०.४९५ हर्ट्झवर येते. आपल्या रीडिंगांमधले अंतर तेवढेच आहे, आणि त्या भागात वक्राचा माथाही सपाट आहे. हे सरकणे आपल्या मोजणीत निश्चितपणे दिसले असा दावा करता येत नाही, आणि तसे लिहिण्यात कमीपणाही नाही. शिखर पूर्णपणे नाहीसे व्हायला `β` हा `ω0/√2` पर्यंत, म्हणजे येथे २.२ प्रति सेकंदापर्यंत जावा लागतो, आणि तो टप्पा आपल्या दोन्ही प्रवाहांपासून फार दूर आहे.

## टप्पा ७: रुंदीवरून अवमंदनांक

शिखराच्या आयामाला √२ ने भागावे. ९.४ चे ६.६५ होतात. या उंचीवर आडवी रेषा काढावी आणि ती वक्राला जिथे छेदते त्या दोन वारंवारता वाचाव्यात. उदाहरणात त्या ०.४८४ आणि ०.५१६ हर्ट्झ आहेत. फरक ०.०३२ हर्ट्झ, आणि त्याला 2π ने गुणल्यावर ०.२० रेडियन प्रति सेकंद मिळतात. ही रुंदी `2β` इतकी असते, म्हणून `β` ०.१० आला आणि टप्पा २ मधल्या उत्तराशी जुळला.

सावधान: ‘अर्धी उंची’ हा शब्द येथे फसवतो. पुस्तकात जी अर्धी उंची म्हणतात, ती ऊर्जेच्या वक्राची असते. ऊर्जा आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ऊर्जा निम्मी होते तिथे आयाम शिखराच्या १/√२ पट असतो. आयामाच्याच वक्रावर ४.७ ला रेषा मारली तर मिळणारी रुंदी `2√3·β` असते आणि `β` १.७३ पट येतो. दुसरी विसराळू चूक 2π ची आहे. हर्ट्झमधली रुंदी तशीच `2β` धरली तर `β` सहा पटींहून लहान येतो.

दोन्ही मार्गांनी काढलेले `β` पाच-दहा टक्क्यांच्या आत जुळले, तर स्टॉपवॉच आणि दर्शक यांच्या साहाय्याने याहून जास्त अपेक्षा करू नये. रुंदीवरचा `β` दोन्ही प्रवाहांसाठी मुक्त दोलनांवरच्या `β` पेक्षा जास्त येत असेल, तर टप्पा ४ मधल्या थांबण्याच्या वेळा पुन्हा पाहाव्यात. घाईने घेतलेल्या रीडिंगांमुळे शिखर पूर्ण चढत नाही, बाजू मात्र फुगतात, आणि दोन्हींचा परिणाम वक्र रुंद दिसण्यातच होतो.